पाचव्या स्पॉटचं अंडं

जयवंतीने गेल्या नऊ वर्षांत जंतांची जेवढी अंडी बघितली होती, तेवढी कोंबडीचीही बघितली नसतील. डहाणूजवळ कासा गावाच्या पुढे एका ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथल्या लॅबमध्ये ती झाडू मारायला म्हणून लागली आणि दोन वर्षांत मायक्रोस्कोपवर बसली. कोणी शिकवलं असं नाही. जुने टेक्निशियन चिमणभाई डोळ्याने अधू होत गेले तसे ते म्हणायचे, "बघ गं, काय दिसतं ते सांग," आणि ही सांगायची. तलासरीकडच्या पाड्यांवरून, आश्रमशाळांतून पोटदुखीची पोरं यायची, त्यांच्या शौचाच्या डब्या यायच्या, आणि डबीत काय आहे ते जयवंती काच सरकवता सरकवता सांगून टाकायची.

असली बाई परीक्षेत नापास होईल असं कोणाला वाटेल? पण झाली. २०१६ साली झाली, आणि तेही एका मार्काने.

चिमणभाई निवृत्त झाल्यावर ट्रस्टने फर्मान काढलं होतं, की लॅबमध्ये आता डिप्लोमावालाच बसेल. जयवंतीला त्यांनी २०१७च्या जूनअखेरपर्यंत मुदत दिली. मग पस्तिसाव्या वर्षी, घरी दोन मुलं आणि सासू सांभाळत, तिने डहाणूच्या एका खाजगी संस्थेत लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं. लेखी कशीबशी निघाली. तोंडी परीक्षा चांगली झाली. अडलं ते स्पॉटिंगला. टेबलांवर दहा स्पॉट मांडलेले असतात, कुठे मायक्रोस्कोप, कुठे काचेची बशी, कुठे एखादं उपकरण. प्रत्येकासमोर दोन मिनिटं थांबायचं, काय आहे ते ओळखायचं, दोन खुणा लिहायच्या आणि घंटा वाजली की पुढे सरकायचं. वीस मार्कांपैकी दहा लागतात. जयवंतीला पडले नऊ.

आणि ते मार्क कुठे गेले? जंताच्या अंड्यात! मायक्रोस्कोपखाली गोल जंताचं, म्हणजे ॲस्कॅरिसचं अंडं होतं. तिने रोज रिपोर्टवर लिहिते तसं ऐटीत लिहिलं: 'ॲस्कॅरिसचं अंडं.' संपलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी शून्य दिलं. "कुठलं अंडं? फलित, अफलित की डीकॉर्टिकेटेड? खुणा कुठायत?" जयवंतीला तोंडात मारल्यासारखं झालं. दवाखान्यात डॉक्टरला फक्त जंत आहेत की नाहीत एवढंच हवं असतं. गोळी तीच. अंड्याचा प्रकार विचारून कोण काय करणार?

पण बाई अशी होती, की एकदा मनावर घेतलं की घेतलं. वर्षभर तिने एकही अंडं नुसतं जाऊ दिलं नाही. प्रत्येक काच बघताना ती स्वतःशी बोलायची. फलित अंडं गोलसर, सोनेरी तपकिरी. बाहेरून खडबडीत, उंचवट्यांचं आवरण. आत जाड कवच. त्याच्याही आत एकच अखंड गोळा, आणि त्या गोळ्याच्या दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारखी मोकळी जागा. अफलित अंडं लांबुळकं, मोठं. कवच पातळ, वरचं आवरण तुटकं आणि वेडंवाकडं. आत ठासून भरलेले चमकते दाणे, चंद्रकोर नाहीच. नुसत्या माद्याच पोटात असल्या की अशीच अंडी पडतात. आणि डीकॉर्टिकेटेड, म्हणजे वरचं खडबडीत आवरण गळून गेलेलं. वर्गातली पोरं त्याला 'सोललेलं' म्हणायची. ते गुळगुळीत आणि बिनरंगी दिसतं, आणि नवखा माणूस ते हमखास अंकुशकृमीचं समजतो. जयवंती नव्हती समजत. अंकुशकृमीचं कवच रेघेएवढं पातळ, आत चार-आठ पेशी, आणि मोकळी जागा चारी बाजूंनी. सोललेल्याचं कवच जाड, आत एकच गोळा आणि मोकळी जागा फक्त टोकांना. हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

२०१७च्या मेमध्ये ती पुन्हा परीक्षेला आली ती अशी तयार होऊन. परीक्षक बाईही त्याच होत्या. बारीक, पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांना बघून जयवंती घाबरली नाही. उलट तिला बरंच वाटलं. ज्यांनी पाडलं त्यांनीच पास करावं, यात मजा होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी ती जर्नलवर सही घ्यायला संस्थेत गेली, तर सुनिल सर एकटेच घामाघूम होऊन टेबलं लावत होते. सुनिल सर म्हणजे पॅरासायटॉलॉजी शिकवणारे, तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान, भला माणूस, पण घाबरट. जयवंतीला बघताच त्यांना हायसं वाटलं.

"जयवंतीताई, तेवढ्या ड्रॉपर बाटल्या धुऊन भराल का? तुम्हाला काय, रोजचंच काम. एकात सलाईन, एकात हायपो. माझं इथे डोकं चालेना."

सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, काच सुकू नये म्हणून थेंबभर सोडायचं; हायपो म्हणजे ब्लीचचं पाणी, लॅबमधले जंतू मारायचं. जयवंतीने बाटल्या धुतल्या. दोन्ही सारख्याच काचेच्या, वरची कागदी लेबलं भिजून गळून पडली. एका ड्रॉपरचा रबरी फुगा लाल, एकाचा निळा. निळ्यात सलाईन, लालात हायपो, हात आपोआप चालला. दोन मिनिटांचं काम करून ती जीप पकडायला पळाली.

परीक्षेला दोन बॅचेस होत्या. पहिल्या बॅचमध्ये एक ते तेरा नंबर, दुसऱ्यात चौदा ते पंचवीस. जयवंती सतरा. पहिली बॅच बाहेर आली तशी त्यातली शितल, नरपडची बडबडी पोरगी, जयवंतीला जिन्याखाली ओढत घेऊन गेली.

"ताई, पाचवा स्पॉट ॲस्कॅरिस. फर्टिलाइज्ड. एकदम खडबडीत, तपकिरी. डोळे मिटून लिहा."

"डोळे मिटून कशाला लिहू? डोळे कशाला दिलेत मग?" जयवंती म्हणाली. पण शितलचा जीव तिच्यासाठी तुटतोय हे तिला कळलं, आणि तिने तिच्या गालावर टिचकी मारली. शितल लगेच पुढच्या घोळक्यात शिरली. अर्ध्या तासाच्या सुट्टीत दुसऱ्या बॅचच्या सगळ्यांना पाचवा स्पॉट तोंडपाठ झाला.

पहिले चार स्पॉट काही खास गेले नाहीत. दोन तर जिवाणूंच्या वाढीच्या बशा निघाल्या, ज्या तिच्या दवाखान्यात कधी कोणी बघितल्याच नव्हत्या. घंटा वाजली आणि ती पाचव्या मायक्रोस्कोपवर वाकली.

नियम असा, की काचेला हात लावायचा नाही. आयपीसमध्ये एक काळी सुई दिसते, तिच्या टोकाशी जे आहे ते ओळखायचं. फार तर बारीक फोकसचा स्क्रू फिरवायचा. जयवंतीने तो जरासा फिरवला आणि तिच्या भुवया वर गेल्या.

सुईच्या टोकाशी गुळगुळीत अंडं होतं. एक उंचवटा नाही. रंग उडालेला. जाड काचेसारखं कवच, आत एकच गोळा, दोन्ही टोकांना चंद्रकोरी. शितल म्हणाली खडबडीत, तपकिरी. कुठे होतं ते? शेजारी अजून तीन अंडी दिसत होती, तीही गुळगुळीत. हे तर अजूनच नवल. एका काचेत शंभरात दोन-चार सोललेली मिळतात. सगळीच्या सगळी सोललेली तिने नऊ वर्षांत बघितली नव्हती. भोवतालचा मळही पांढराफटक पडला होता.

काय लिहायचं? बाईंच्या उत्तरसूचीत 'फर्टिलाइज्ड' आहे हे तिला माहीत होतं. नुसतं तेवढं लिहून खाली खडबडीत आवरणाची खूण टाकली, तर दोन मार्क हातात. नाहीतर मागच्या वर्षीचं शून्य पुन्हा. पण समोर खडबडीत काही नव्हतं, आणि नसलेलं लिहिणं तिच्या हाताला जमेना. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'ॲस्कॅरिसचं फलित पण डीकॉर्टिकेटेड अंडं. खुणा: एक, वरचं उंचवट्यांचं आवरण नाही, जाड गुळगुळीत बिनरंगी कवच. दोन, आत अखंड गोळा, दोन्ही टोकांना चंद्रकोरीसारखी मोकळी जागा.' घंटा वाजली.

मग एकेकाला परीक्षक बाईंच्या टेबलापाशी बोलावणं आलं. बाई समोर बसवूनच पेपर तपासत. जयवंतीची पाळी आली तेव्हा बाईंच्या लाल पेनाने पाचव्यासमोर शून्य काढलेलं होतं आणि खाली बेरीज होती नऊ.

पुन्हा नऊच! जयवंतीचे कान तापले. यंदा मात्र ती गप्प बसणारी नव्हती.

"बाई, पाचव्यात काय चुकलं?"

"फलित आहे ते. डीकॉर्टिकेटेड कुठून आणलंत? सकाळी मी स्वतः बघितलंय. आवरण स्पष्ट आहे."

"सकाळी असेल. आत्ता नाहीये. तुम्ही एकदा बघा ना."

सुनिल सर बाईंच्या मागे उभे होते. त्यांनी डोळे मोठे केले. विद्यार्थी परीक्षकाला असं बोलत नाहीत. पण बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, उठल्या आणि पाचव्या मायक्रोस्कोपवर वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"कोणी बदलली स्लाइड?" मान वर करून त्यांनी विचारलं. आवाज अगदी शांत होता, आणि त्यामुळेच सुनिल सरांच्या कपाळावर घाम आला.

"कोणीच नाही मॅडम. कोणी कशाला बदलेल?"

"तेरा मुलांनी खडबडीत आवरण लिहिलं, बरोबर लिहिलं. सुट्टीनंतर हे. चौदा आणि सोळा नंबरनेही खडबडीतच लिहिलंय. त्यांना हे न बघता कसं कळलं ते मी नंतर विचारणार आहे. पंधराने अंकुशकृमी लिहिलं. खरं एकीनेच लिहिलं." त्या टेबलाशी परत आल्या, शून्य खोडलं आणि तिथे दोन लिहिले. नवाचे अकरा झाले. "तुमचं बरोबर आहे. सुट्टीत या खोलीत कोण होतं?"

सुट्टीत खोलीत लहान्यामामा होते. संस्थेचे शिपाई, पन्नाशी उलटलेले, रोजंदारीवरचे. त्यांना बोलावलं. ते दारातच हात जोडून उभे राहिले.

"मी काय नाय केला बाय. सरांनी सांगितला होता काच सुकली तं सलाईन सोड. म्हणून उजव्या कडेशी एक थेंब सोडला. लाल फुग्याची बाटली, सलाईनची. रोजचीच."

"स्लाइड बदलली नाहीत?"

"मना काय कलतं त्यातला? एक थेंब सोडला, बस."

"थेंबाने आवरण जात नसतं," बाई म्हणाल्या. "सर, हे गंभीर आहे. मला रिपोर्ट लिहावा लागेल. हे गृहस्थ कायम आहेत का तुमच्याकडे?"

लाल फुग्याची, सलाईनची. जयवंतीला काल भरलेल्या बाटल्या आठवल्या. दवाखान्यात निळा फुगा सलाईनचा. चिमणभाईंनी लावलेली पद्धत, नऊ वर्षांची, हातात बसलेली. इथे उलट होतं, आणि तिने विचारलंसुद्धा नव्हतं. मामांनी सुट्टीत वरच्या झाकणकाचेच्या कडेला सलाईन म्हणून हायपो सोडला. ब्लीच आत झिरपला आणि अर्ध्या तासात त्याने एकेका अंड्याचं आवरण विरघळवून टाकलं. म्हणून सगळीच सोललेली. म्हणून मळही पांढरा.

तिने सुनिल सरांकडे बघितलं. त्यांनाही उमगलं होतं, तोंडावरूनच दिसत होतं. त्यांनी बारीकशी मान हलवली: नका बोलू. खरंच, बोलायचं कशाला? अकरा मार्क समोर कागदावर होते. परीक्षार्थीने परीक्षेच्या सामानाला हात लावला हे कळलं तर पेपर रद्द होऊ शकत होता, आणि जूनअखेर लॅबमधली खुर्चीही गेली असती. मोठ्या मुलाची दहावी तोंडावर होती. तिला स्वतःचा राग आला, सरांचा आला, त्या लाल फुग्याचा आला.

दारात लहान्यामामा अजून हात जोडूनच उभे होते. ते हात काही तिला बघवेनात.

"बाई, स्लाइड नाही बदलली कोणी. मामांचा काही दोष नाही. काल संध्याकाळी त्या बाटल्या मी भरल्या. लाल फुग्यात हायपो भरला, आमच्या दवाखान्यात तसा असतो म्हणून. मामांना काय माहीत? हायपोने आवरण विरघळतं."



"हे तुम्ही आत्ता रचत नाही कशावरून?" बाईंनी विचारलं.

"काच उजवीकडून सुकली असणार, थेंब तिकडे सोडलाय. डाव्या कडेपर्यंत हायपो नीट पोचला नसेल. काच सरकवून तिकडची अंडी बघा. खडबडीत आणि तपकिरी दिसली नाहीत तर मला खुशाल नापास करा."

बाईंनी काच सरकवली. हळूहळू, मधे थांबत थांबत. मग त्यांनी सुनिल सरांना खुणेने बोलावून आयपीस दाखवलं. डाव्या कडेला अंगभर उंचवटे असलेली तपकिरी अंडी होती, मधल्या पट्ट्यात अर्धवट सोललेली, आणि उजवीकडे सगळी उघडी. बाईंनी लाल फुग्याचा ड्रॉपर नाकाजवळ नेला आणि लगेच दूर धरला.

"हं. मामा, तुम्ही जा. चहा घ्या," त्या म्हणाल्या. लहान्यामामांनी जोडलेले हात कपाळाला लावले आणि जयवंतीकडे न बघता निघून गेले. बिचारे घाबरलेच एवढे होते.

"आता तुमचं," बाई जयवंतीकडे वळल्या. "तुम्ही परीक्षार्थी आहात. बाटल्या तुम्ही भरल्या. या स्पॉटचे मार्क मी तुम्हाला देऊ शकत नाही, कळतंय ना?"

"कळतंय."

"हे लिहून द्यावं लागेल. सहीनिशी."

जयवंतीने कागद ओढला आणि जे झालं ते पाच ओळींत लिहिलं. खाली सही केली. तेवढ्यात घाबरट सुनिल सरांनी काय करावं? तिच्या हातातून पेन घेतलं आणि खाली लिहिलं, 'बाटल्या भरायला मी सांगितलं होतं.' सही, तारीख. एवढं करून ते खुर्चीत बसले ते बसलेच. जयवंतीला त्या क्षणी त्या माणसाबद्दल इतकी माया दाटली, की धाकट्या भावाबद्दल कधी वाटली नसेल.

बाईंनी कागद वाचला, घडी घातली.

"दुसऱ्या बॅचचा पाचवा स्पॉट रद्द. सगळ्या बारा जणांना नवा स्पॉट. ऐकीव खडबडीत लिहिणाऱ्यांना मी बघतेच आता." त्यांनी जयवंतीच्या पेपरावरचे दोन खोडले आणि अकराचे पुन्हा नऊ केले. "तुम्ही पहिल्या. थांबा."

त्या मायक्रोस्कोपवर बसल्या आणि तीच काच इकडेतिकडे सरकवत राहिल्या. शोधत होत्या काहीतरी. मिळालं तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात जरासं हसू आलं, आणि सुनिल सरांनी मनातल्या मनात कुलदैवताला हाक मारली, कारण बाई असं हसतात तेव्हा काय येतं ते त्यांना ठाऊक होतं.

"दोन मिनिटं. लिहू नका, तोंडी सांगा."

जयवंती वाकली. सुईच्या टोकाशी एक लांबट, फिकट काहीतरी होतं. पहिल्या नजरेला तर अंडंच वाटेना, एखाद्या भाजीच्या पेशीसारखं दिसत होतं. कड गुळगुळीत, पातळ. तिने फोकसचा स्क्रू सावकाश खाली नेला, वर आणला. आतून चमकते दाणे उजळले, लहानमोठे, या टोकापासून त्या टोकापर्यंत गच्च. चंद्रकोर कुठेच नाही. अखंड गोळा नाही. तिचा डोळा शांत होता. डोळ्याला ही जागा ओळखीची होती.

"ॲस्कॅरिसचंच आहे," ती आयपीसवरून न हलता म्हणाली. "अफलित. शेजारच्यापेक्षा लांब आहे, कवच पातळ, आत नुसते दाणे भरलेत, टोकांना मोकळी जागा नाही. आणि सोललेलं. डीकॉर्टिकेटेड."

"थांबा. अफलित अंड्याचं आवरण मुळातच तुटपुंजं असतं. मग हे सोललेलं कशावरून?"

"तुटपुंजं असलं तरी असतं बाई. कुठे ना कुठे उंचवटा राहतो, कड वेडीवाकडी होते. इथे पूर्ण कड फिरून आले, एक नाही. तपकिरी रंगही नाही." मग तिने डोळा वर केला. नऊ मार्कांवर उभी होती, सगळं कबूल करून झालं होतं, आता भ्यायला काही उरलंच नव्हतं. "आणि त्याहूनही पक्कं हवं असेल, तर मीच सोललंय ना ते."

सुनिल सरांनी डोळे मिटून घेतले. परीक्षक बाई अशा मोठ्याने हसल्या की बाहेर जिन्यावर थांबलेल्या पोरांच्या काळजाचा ठोका चुकला. हसता हसता त्यांनी लाल पेन उचललं, पाचव्यासमोर दोन लिहिले, खाली नऊ खोडून अकरा केले आणि कागद फिरवून तिच्यापुढे धरला.

जयवंतीने आकडा वाचला, पदर तोंडाला लावला आणि तिथेच, सगळ्यांदेखत, रडली.